रेंज नसतानाही चालणारं 'हॅकिंग'

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोशल मीडियाचं खातं परत मिळवून देणाऱ्या संकेतस्थळांवरचा आपला लेख वाचला. आमच्याकडे अंक दुपारच्या गाडीने येतो, त्यामुळे राग यायलाही उशीर झाला. 'झटपट लाभाच्या लोभापायी नागरिक अशा आमिषांना बळी पडतात,' असं आपल्या लेखकाने लिहिलं आहे. लोभ कसला हो? माझंच खातं, माझ्याच आंब्यांचे फोटो, माझीच गिऱ्हाईकं. चोरी झालेल्या घरातल्या माणसाने कुलूपवाल्याला हाक मारली, तर तो लोभी ठरतो का? अशा सापळ्यात जो अडकतो तो बहुतेक वेळा आधीच एकदा लुटला गेलेला असतो, एवढं तरी लिहायचं होतं.

आमची देवगड तालुक्यात कलमं आहेत. गेली सहा वर्षं पेट्यांची निम्मी नोंदणी इन्स्टाग्रामवर होते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ओळखीच्या एका बाईच्या खात्यावरून निरोप आला, 'मी एका स्पर्धेत आहे, मला मत दे, तुला एक कोड येईल तो कळव.' मी कळवला. ती बाई ती नव्हतीच, तिचं खातं आदल्या दिवशीच गेलं होतं. दहा मिनिटांत माझंही गेलं. ही चूक माझी, ती कबूल.

खरी गोष्ट पुढची. दुपारी जेवण टाकून मी फोनवर शोधायला बसले. पहिलंच एक पान उघडलं, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. खात्याचं नाव टाका म्हणाले, टाकलं. लगेच माझा पेटीचा फोटो समोर आला. मला वाटलं, पोचले बरं का हे आतपर्यंत! (तो फोटो कुणालाही दिसतो, हे तेव्हा सुचलं नाही.) मग एक पट्टा सरकायला लागला. 'सर्व्हरशी जोडत आहे', 'सुरक्षा भेदत आहे', बारा टक्के, तीस टक्के. एवढ्यात आमच्या नेमाप्रमाणे लाईट गेली आणि तिच्यामागे टॉवरही गेला. फोनवर रेंजची एक दांडी उरली नाही. पट्टा मात्र सरकतच होता. एकसष्ट, ऐंशी, सत्त्याण्णव. आणि मी बाई मनात म्हणते, यांचं नेटवर्क केवढं जबरदस्त!

लाईट परत आली तेव्हा पडद्यावर पासवर्डची दोन अक्षरं आणि पुढे आठ फुल्या होत्या. खाली लिहिलं होतं, 'पासवर्ड सापडला. पूर्ण पाहण्यासाठी 1,499 रुपये भरा.' दोन अक्षरं कुठली का असेनात, चोराने बदललेला पासवर्ड मला थोडाच ठाऊक होता! ती खरी की खोटी हे मी ताडून कशाशी बघणार? सगळी गंमत त्या फुल्यांत आहे, संपादक महोदय. माणसाला वाटतं काम झालंय, फक्त झाकण काढायचं बाकी आहे.

पैसे भरले. मग व्हॉट्सॲपवर एक 'तज्ज्ञ' आले, अगदी अदबीने 'मॅडम मॅडम' करत. फुल्या उलगडायला वेगळं यंत्र लागतं म्हणे, त्याचे 2,999. तेही भरले. मग परतावा मिळणारी अनामत म्हणून 5,000. तीन वेळा पैसे गेले आणि तिन्ही वेळा फोनवर घेणाऱ्याचं नाव वेगळं दिसलं, कंपनीचं एकदाही नाही, तिघंही साधी माणसं. तेव्हाच उठायला हवं होतं. पण पहिले पैसे गेले की दुसरे देताना हात कचरत नाही, पहिले वाचवायचे असतात ना!

चौथ्या वेळी त्यांनी पैसे मागितले नाहीत, 'आता एक सहा आकडी कोड येईल तो सांगा' म्हणाले. कोड आला, पण तो इन्स्टाग्रामचा नव्हता, माझ्या व्हॉट्सॲपचा होता आणि खाली लिहिलं होतं की हा कुणाला सांगू नका. म्हणजे एक खातं परत देण्याच्या नावाखाली दुसरं काढून घ्यायला बसले होते. मी नाही म्हटल्याबरोबर मॅडमची 'तू' झाली. 'तू हॅकिंगची ऑर्डर दिलीस, पुरावा आहे आमच्याकडे, आयटी कायदा कलम 66, तीन वर्षं आत जाशील.' कलम खरं आहे, तीन वर्षंही खरी आहेत. पण ते दुसऱ्याच्या खात्यात बेकायदा शिरणाऱ्याला लागतं, स्वतःचं खातं मागणाऱ्या बाईला नव्हे. तरी ती रात्र मी झोपले नाही. त्याच पानावर 'बायकोचे मेसेज वाचा, 24 तासांत' अशीही सोय होती. ती मागणारे कलम ऐकून गप्प बसत असणार, तक्रार कुठल्या तोंडाने करणार? आमच्याच वाडीत एक गृहस्थ असे आठ हजाराला बसले आहेत आणि वाडीभर सांगत फिरतात की फोन समुद्रात पडला.

शनिवारी बहिणीचा मुलगा रत्नागिरीहून आला. त्याला सगळं सांगताना मी रेंज गेल्याचं ओघात बोलले. तो एकदम थांबला. "मावशे, नेट बंद होता मा? मग पट्टो सरकलो कसो?" त्याने ते पान पुन्हा उघडलं आणि पूर्ण उतरल्यावर माझ्यासमोर फोन विमान मोडवर टाकला. 'सर्व्हरशी जोडत आहे', 'सुरक्षा भेदत आहे' सगळं ठरल्या वेळी, ठरल्या ओळीत. सत्त्याण्णवला येऊन थांबलं. फुल्याही आल्या. मग नेट चालू करून त्याने 'फणसाचा_गरा' आणि पुढे सात-आठ आकडे असं जगात नसलेलं खातं टाकलं. पासवर्ड सापडला! त्याचेही 1,499. म्हणजे ते हॅकिंग नव्हतंच, फोनमध्ये उतरलेलं एक घड्याळ होतं. आपल्या लेखात 'सतर्क राहावे' तीनदा आलं आहे. त्याऐवजी ही दोन मिनिटांची परीक्षा छापली असती तर कुणाचे तरी पैसे वाचले असते.

आणि पासवर्ड सापडला असं कुणी म्हणालं की ते खोटंच कसं, हेही भाच्याने सांगितलं. पासवर्ड कंपनीकडेसुद्धा वाचता येईल असा ठेवलेला नसतो. त्याचं आधी एका गणिताने रूपांतर करतात आणि तेवढंच ठेवतात. आपण पासवर्ड टाकला की त्याचं पुन्हा तसंच रूपांतर करून दोन्ही जुळतात का बघतात. मी त्याला म्हटलं, म्हणजे साठं घातल्यासारखं. रस वाळवून साठं केली की त्यातून आंबा परत निघत नाही. जी वस्तू कंपनीच्या कोठारात नाही, ती हा 1,499 वाला कुठून काढून देणार?

आता खातं परत कसं मिळालं ते. चोराने माझा ईमेल पत्ता बदलला त्याच मिनिटाला जुन्या पत्त्यावर security@mail.instagram.com कडून पत्र आलं होतं. हा बदल तुम्ही केला नसेल तर इथे दाबा, अशी दुवा देऊन सोय होती. फुकट. मी तिकडे तीन हप्ते भरत होते तेव्हा ते पत्र पेटीत पडून होतं, कारण तो ईमेल भाच्याने सहा वर्षांपूर्वी काढून दिलेला आणि मी तो जन्मात उघडलेला नाही. शनिवारी दाबून पाहिलं तर दुवा चालेना. मग instagram.com/hacked या त्यांच्याच पानावर गेलो. तिथे चेहऱ्याचा व्हिडिओ काढून ओळख पटवता येते, पण त्यासाठी खात्यावर आपला फोटो असावा लागतो. माझ्या खात्यावर हापूसचे तीनशे फोटो, पायरीचे वीस, माझा एक नाही! अशा खात्याला ते उलट पत्र पाठवून विचारतात, सुरुवातीला कुठला ईमेल किंवा फोन नंबर दिला होता आणि खातं कुठल्या प्रकारच्या फोनवर उघडलं होतं. ते भाच्याला आठवलं म्हणून निभावलं. दोनदा नाकारलं, तिसऱ्यांदा घेतलं. एकूण एकोणीस दिवस. या एकोणीस दिवसांत माझ्या नावाने बिटकॉइनच्या जाहिराती चालल्या होत्या आणि पुण्याच्या दोन गिऱ्हाइकांनी पेट्यांची आगाऊ रक्कम चोराला पाठवली होती. त्या दोन पेट्या मी पदरच्या दिल्या.

1930 या सायबर हेल्पलाइनला फोन केला, पण चौथ्या दिवशी. पैसे गेल्यावर तासा-दोन तासांत कळवलं तर पुढच्या खात्यात ते अडवायला वाव असतो. चौथ्या दिवशी काय अडवणार? तक्रार cybercrime.gov.in वर नोंदली, क्रमांक आला. लगेच आठवड्याने एका 'वकिला'चा फोन, की तुमचे बुडालेले पैसे परत काढून देतो, नोंदणी फी 999. नंबर त्याला त्या 'तज्ज्ञां'कडूनच गेला असणार, हे सांगायला नको. यावेळी मी त्याला आंबे विकायचा प्रयत्न केला. घेतले नाहीत.

एक राहिलंच. आपला तो लेख भाच्याने मला फोनवर, आपल्याच संकेतस्थळावर दाखवला. 'सतर्क राहावे' संपतं तिथे खाली एक चौकोन होता, 'हॅक झालेले खाते 30 मिनिटांत परत, खात्रीशीर.' काळ्यावर हिरवी अक्षरं. या जाहिराती आपोआप येतात, आमचा त्यांच्याशी संबंध नाही, असं आपण म्हणाल. पण त्यांचे पैसेही आपोआपच येत असतील ना? चौकोनाचा फोटो सोबत जोडला आहे. लेख छापलात तसा तोही छापावा.

कळावे,
एक आंबा बागायतदार, ता. देवगड
(नाव छापू नये. आमच्या ह्यांना शेवटचे पाच हजार अजून ठाऊक नाहीत.)

ता. क. : पत्र रविवारी लिहून तयार होतं. टॉवर मंगळवारी आला, म्हणून आज पाठवते.