आमच्या कारकुनाचं घड्याळ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. आमच्या कचेरीत आवक-जावक सांभाळणारा एक नवा मुलगा आहे. या घड्याळवेड्याची गोष्ट तुला सांगायलाच हवी.

पगार हातात आला की तो आधी एका पाकिटात थोडे पैसे टाकायचा आणि पाकिटावर बाकी रक्कम लिहायचा. जुना आकडा खोडून नवा, तोही खोडून पुढचा. मी म्हटलं, "अरे, सेलवरचं घे. महिन्याला पंधरा-वीस सेकंद चुकेल, निम्म्याहून कमी पैशात येईल." पण त्याला ऑटोमॅटिकच हवं होतं, मागून काच असलेलं, आतलं चाक डोलताना दिसणारं. हट्ट मला पटला नाही. पण त्या पाकिटापुढे बोलायची सोय नव्हती.

बऱ्याच महिन्यांनी एकदाचं घड्याळ आलं. पहिला आठवडा बाही दुमडूनच वावरला पठ्ठ्या! मग एक दिवस तोंड एवढंसं करून आला. घड्याळ दिवसाला आठ मिनिटं पुढे पळत होतं. दुकानदाराने फसवलं, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

मी विचारलं, "पहिल्या दिवसापासून पळतंय?" तर नाही, दोनच दिवस झाले होते. तिथेच मला शंका आली. रात्री ठेवतोस कुठे? म्हणाला, नव्या स्पीकरवर. म्हणजे थेट लोहचुंबकावरच की! चुंबकत्व भिनलं की आतल्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात. स्प्रिंग जणू आखूड होते, चाकाचे हेलकावे भराभर पडतात आणि काटे पळत सुटतात. त्याच्याकडे होकायंत्र होतं. घड्याळ जवळ नेताच सुई थरथरायला लागली.

घड्याळ दुरुस्त करणाऱ्याने ते उघडलंही नाही. चुंबकत्व काढायच्या छोट्या यंत्रावर ठेवलं, बटण दाबलं आणि बटण दाबलेलंच ठेवून घड्याळ सावकाश वर उचललं. संपलं काम. पोराचा विश्वासच बसेना. त्या रात्री फोनच्या वेळेशी सेकंदकाटा जुळवून ठेवला. दुसऱ्या रात्री पाहिलं तर सहा सेकंद पुढे. यांत्रिक घड्याळाला एवढं चालायचंच, हे समजवायला मात्र मला घड्याळजीपेक्षा जास्त वेळ लागला.

आता स्पीकर एका कोपऱ्यात, घड्याळ दुसऱ्या. आणि कुणी वेळ विचारली की सेकंदासकट सांगतो.

तुझं घड्याळ मात्र मागे पडतं म्हणालास, तेव्हा हा इलाज बहुधा तुझ्या कामाचा नाही. आतलं तेल सुकलं असेल. उघडून सगळं साफ करून घ्यावं लागेल. देशील का दुरुस्तीला, की पुन्हा खणातच टाकणार?

तुझाच,
मित्र