काकूंच्या ऑपरेशनचं एस्टिमेट लेखीच घे

प्रिय सच्या,

तुझा मेसेज वाचला, पण दोन ओळीत उत्तर देण्यासारखं हे प्रकरण नाही म्हणून सविस्तर लिहितोय. काकूंचा उजवा गुडघा बदलायचाय, डॉक्टर म्हणाले अडीच-तीन लाख धरून चाला, आणि तू विचारतोयस की ॲडव्हान्स भरून तारीख घेऊ का. थांब. आधी तो आकडा कागदावर घे. डॉक्टर खोटं बोलतायत असं अजिबात नाही, पण बिल ते बनवत नाहीत. त्यांना स्वतःची फी आणि साधारण पॅकेज माहीत असतं, बाकी सगळं आयपीडी बिलिंगला, म्हणजे भरती पेशंटचं बिल बनतं त्या टेबलावर ठरतं. मी रोज त्याच टेबलावर बसतो म्हणून सांगतोय, इमर्जन्सीत माणसाला विचारायला वेळ नसतो पण तुझं ऑपरेशन ठरवून आहे, तुझ्याकडे वेळ आहे, तो वापर.

बिलिंगला जाऊन "खर्च किती येईल" असं विचारू नकोस, तोंडी आकडाच मिळेल. सरळ म्हण, "लेटरहेडवर ब्रेकअपसहित एस्टिमेट द्या, ट्विन शेअरिंग आणि सिंगल रूम दोन्हीचं." ब्रेकअप म्हणजे प्रत्येक खर्च वेगळ्या ओळीत. त्यावर तारीख, शिक्का, ऑपरेशनचं पूर्ण नाव, कुठला पाय, किती दिवस धरलेत आणि हे रेट कधीपर्यंत चालतील हे सगळं हवं. कुरकुर केली तर संकोच करू नकोस. महाराष्ट्रात नर्सिंग होमच्या नियमांत जानेवारी २०२१ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून खाजगी हॉस्पिटलला रुग्ण हक्कांची सनद आणि मुख्य सेवांचं दरपत्रक दर्शनी भागात लावावं लागतं. रिसेप्शनजवळच्या भिंतीवर शोध आणि दरपत्रकाचा फोटो काढून ठेव, एस्टिमेटमधले रेट त्याच्याशी जुळवायला उपयोगी पडतो. आणि तुझी पॉलिसी कॅशलेस आहे ना, मग हॉस्पिटलला विमा कंपनीतर्फे क्लेम बघणाऱ्या टीपीएकडे आधी मंजुरी मागणारा जो प्रीऑथ फॉर्म पाठवावा लागतो त्यात रूम, तपासण्या, ओटी, डॉक्टर फी, औषधं, इम्प्लांट असा अंदाजे खर्च वेगवेगळाच भरायचा असतो. म्हणजे ब्रेकअप त्यांना बनवायचाच आहे, तुला फक्त तो आधी हातात हवाय. फॉर्म जाण्याआधी त्याची कॉपी माग.

आता कागदावर काय बघायचं. सगळ्यात आधी "पॅकेज" हा शब्द आला की त्याच्यात काय नाही ते विचार, आणि ते लिहून घे. साधारण गुडघ्याच्या पॅकेजमध्ये चार-पाच दिवसांची रूम, सर्जन, भूल, ओटी आणि नेहमीची औषधं असतात. बाहेर काय राहतं ते प्रत्येक ठिकाणी वेगळं, पण बहुतेकदा इम्प्लांट, ऑपरेशनआधीच्या तपासण्या, रक्त लागलं तर ते, भारी अँटिबायोटिक, आयसीयू आणि दुसऱ्या डॉक्टरांच्या व्हिजिट. काकूंना शुगर आहे ना, मग फिजिशियन रोज येऊन बघणार, प्रत्येक व्हिजिटचं वेगळं बिल लागतं, दिवसातून दोनदा आले तर दोन. त्यामुळे फिजिशियनची व्हिजिट किती रुपयाला आणि पॅकेजात आहे की नाही हे आत्ताच विचार. एक रात्र आयसीयूत ठेवलं तर किती, पाचव्या दिवसानंतर रूम आणि नर्सिंगचा रेट काय, फिजिओथेरपी डिस्चार्जपर्यंत धरलीये का, हेही. औषधांचा अचूक आकडा कोणीच देऊ शकत नाही, तिथे कमीत कमी-जास्तीत जास्त अशी रेंज मागितलीस तरी पुरे. न वापरलेलं परत घेऊन बिलातून वजा करतात का ते मात्र विचार.

इम्प्लांटवर, म्हणजे आत बसवायच्या कृत्रिम सांध्यावर, जरा थांबून बघ. एस्टिमेटमध्ये नुसतं "इम्प्लांट ॲज पर ॲक्च्युअल", म्हणजे जी होईल ती किंमत, असं लिहिलेलं असतं, ते चालवून घेऊ नकोस. कंपनी, मॉडेल, मटेरियल आणि किंमत लिहून माग, आणि बोन सिमेंट त्यातच आहे की वेगळं हेही. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर केंद्र सरकारच्या औषधांच्या किमती ठरवणाऱ्या एनपीपीएने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा आणली, नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम सेटला तेव्हा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी अशी कमाल किंमत ठरली होती. टायटॅनियमसारख्या स्पेशल मटेरियलची मर्यादा जास्त आहे. चालू आकडा एनपीपीएच्या साईटवर बघून घे. त्यामुळे "इंपोर्टेड आहे म्हणून दीड लाख" असं कोणी म्हणालं तर मटेरियल विचार आणि मर्यादा दाखव. ऑपरेशननंतर इम्प्लांटचे स्टिकर केसपेपरवर चिकटवतात, त्यावर कंपनी आणि लॉट नंबर असतो, त्यांची कॉपी घेऊन एस्टिमेटशी ताडून बघ.

आता ज्याच्यामुळे लोक डिस्चार्जच्या दिवशी हबकतात ते, रूम. तुझी पॉलिसी ३ लाखाची आणि रूम रेंटची लिमिट १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,०००. समज तू काकूंना ६,००० ची सिंगल रूम घेतलीस, चार दिवस. तुला वाटेल वरचे ३,००० गुणिले चार, म्हणजे १२,००० आपल्याला भरायचे, झालं. तसं नाही. लिमिटच्या दुप्पट रूम घेतली की सर्जन, भूल, ओटी, नर्सिंग असे रूमशी जोडलेले खर्चही विमा कंपनी निम्मेच देऊ शकते. ते १,२०,००० झाले तर त्यातले ६०,००० तुझ्या खिशातून, वर ते १२,०००, एकूण ७२,०००. शिवाय ५,००० च्या वरच्या रूमला ५ टक्के जीएसटी लागतो, आयसीयू सोडून, तो वेगळा. विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयच्या नियमाप्रमाणे औषधं, कंझ्युमेबल्स, इम्प्लांट आणि तपासण्यांवर मात्र ही कपात लावता येत नाही. आणि म्हणूनच मी ब्रेकअपवर एवढा अडून बसलोय, सगळं एकाच पॅकेजच्या आकड्यात कोंबलं तर कंपनी अख्ख्या रकमेवर कपात लावते आणि मग इम्प्लांट वेगळा काढून दाखवत बसावं लागतं, आधीच वेगळ्या ओळीत असला की भांडण होत नाही. त्यात हातमोजे, मास्क वगैरे काही वस्तू बहुतेक पॉलिसीत मिळतच नाहीत, त्यांचा अंदाजही माग.

अजून एक गोष्ट एस्टिमेटच्या खाली लिहून घे, की खर्च अमुक रकमेच्या वर जाणार असेल तर नातेवाइकांना आधी कळवू. गुंतागुंत झाली तर आकडा वाढणारच, त्याला इलाज नाही आणि तेव्हा उपचार थांबवायचेही नाहीत. पण शुगर हलल्यामुळे दोन दिवस वाढले आणि दोन दिवसांनी कळलं, असं नको. अ‍ॅडमिट झाल्यावर रोज संध्याकाळी तोपर्यंतचं इंटरिम बिल माग आणि एस्टिमेटच्या शेजारी ठेवून बघ.

दुसऱ्या हॉस्पिटलचंही एस्टिमेट घेणार असशील तर तीच रूम, तोच इम्प्लांट, तेवढेच दिवस सांगून घे, नाहीतर तुलना होत नाही. दोन्ही कागद आले की मला व्हॉट्सॲपवर पाठव, पॉलिसीच्या रूम रेंटच्या पानासकट. मी रात्री बघून फोन करतो. तोवर ॲडव्हान्स भरू नकोस.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अभ्या