ग्राफिक्स कार्ड चुकीच्या स्लॉटमध्ये बसवल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक

विषय : सर्व्हिसिंगनंतर ग्राफिक्स कार्ड खालच्या, कमी वेगाच्या स्लॉटमध्ये बसवल्याबद्दल आणि त्यावर मिळालेल्या चुकीच्या उत्तराबद्दल

महोदय,

तुमच्याकडून असेंबल करून घेतलेला माझा पीसी गेल्या महिन्यात प्रोसेसरचा कूलर बदलण्यासाठी तुमच्या सर्व्हिस सेंटरला दिला होता. बी५५० चिपसेटचा मदरबोर्ड, रायझन ५ ५६०० आणि ८ जीबीचं आरटीएक्स ३०६० टीआय कार्ड अशी त्याची रचना आहे. पीसी परत आला तेव्हा कार्ड वरच्या स्लॉटऐवजी खालच्या स्लॉटमध्ये होतं. काचेच्या पॅनलमधून ते सरळ दिसतं. विचारल्यावर तंत्रज्ञ म्हणाले, "वर लावलं की कूलरला चिकटतं, खाली हवा खेळती राहते. दोन्ही स्लॉट सारखेच आहेत."

ते सारखे नाहीत. लांबी सारखी असली, तरी वरच्या स्लॉटला डेटा वाहून नेणाऱ्या १६ लेन आहेत आणि त्या थेट प्रोसेसरला जोडलेल्या आहेत. खालच्याला फक्त ४ लेन आहेत, त्याही जुन्या ३.० पिढीच्या आणि चिपसेटमार्गे येणाऱ्या. चिपसेट ते प्रोसेसर हा रस्ताही तेवढाच अरुंद आहे, आणि हार्ड डिस्क, नेटवर्क व बरेचसे यूएसबी पोर्ट त्याच रस्त्याने जातात. मदरबोर्डच्या पुस्तिकेत हे छापलेलं आहे. पीसी नवा असताना कार्डची माहिती दाखवणाऱ्या GPU-Z या प्रोग्रॅममध्ये Bus Interface समोर `PCIe x16 4.0 @ x16 4.0` दिसत होतं. आता लोड देऊनही `PCIe x16 4.0 @ x4 3.0` दिसतं. लोड देऊन पाहिलं हे मुद्दाम लिहितो, कारण कार्ड रिकामं असताना वीज वाचवायला स्वतःहून वेग उतरवतं आणि तेव्हाचा आकडा फसवा असतो.

माझ्या ईमेलला तुमचं उत्तर आलं की, "स्लॉटमुळे दोन-तीन टक्क्यांचाच फरक पडतो." हे वाक्य एका मर्यादेत खरं आहे. गेमला लागणारं सगळं टेक्स्चर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं, कार्डच्या ८ जीबी मेमरीत मावलं, की स्लॉटमधून फारसं काही जावं लागत नाही, कारण कार्ड स्वतःच्या मेमरीतून सेकंदाला ४४८ जीबी वाचतं. माझ्या जुन्या गेममध्ये फरक जाणवतही नाही. ब्लेंडरमध्येही सीन मेमरीत मावत असेल तर तो कार्डवर चढायला किंचित जास्त वेळ लागतो, पुढचा रेंडर जवळपास पूर्वीच्याच वेळात होतो. ३.० पिढीच्या पूर्ण १६ लेन असत्या, तरी मी हे पत्र लिहिलं नसतं.

खरा प्रश्न मेमरी भरल्यावर येतो. नव्या, मोठ्या नकाशाच्या गेममध्ये टेक्स्चर वरच्या दर्जावर ठेवलं, की टास्क मॅनेजरमध्ये Dedicated GPU memory काठोकाठ भरते आणि Shared GPU memory चढू लागते. म्हणजे उरलेला डेटा रॅममध्ये ठेवला जातो आणि लागेल तेव्हा स्लॉटमधून ओढावा लागतो. समजा, वळणावर २०० एमबी टेक्स्चर अचानक हवं झालं. वरच्या स्लॉटमधून सेकंदाला सुमारे ३१ जीबी येऊ शकतात, म्हणजे ६-७ मिलिसेकंदांत काम होतं. ६० फ्रेमच्या वेगात एका फ्रेमला साधारण १७ मिलिसेकंद मिळतात, त्यात ते बसून जातं. खालच्या स्लॉटची कमाल सेकंदाला ४ जीबीच्या आतच आहे. तिथे त्याच कामाला ५० मिलिसेकंद लागतात, म्हणजे तीन फ्रेम गेल्या. डोळ्यांना हा सरळ झटका दिसतो, आणि गाडी चालवताना प्रत्येक वळणावर दिसतो.

सरासरी फ्रेमरेट पाहिला तर हे झटके त्यात विरून जातात. तुमच्या सेंटरने नेमकी सरासरी काढून "सगळं नॉर्मल आहे" असं जॉब शीटवर लिहिलं आणि तपासणीचे पैसे घेतले. तपासायचंच होतं, तर सर्वांत वाईट १ टक्का फ्रेमचा आकडा काढायला हवा होता. त्याआधी गेम चालू ठेवून ही एक कमांड दिली असती, तरी पुरलं असतं:

```
nvidia-smi --query-gpu=pcie.link.gen.current,pcie.link.width.current --format=csv
```

उत्तरात ३ आणि ४ आले असते. त्या जागी ४ आणि १६ यायला हवेत.

टेक्स्चर एक पायरी खाली आणा, हा तुमचा सल्ला मला मान्य नाही. त्याने झटके थांबतात हे खरं, पण जो स्लॉट मी पैसे मोजून घेतलेल्या बोर्डवर आहे, तो रिकामा ठेवून चित्राचा दर्जा मी का कमी करावा? कॅबिनेटवर तुमचं वॉरंटीचं सील असल्यामुळे मी स्वतः कार्ड हलवूही शकत नाही. नवा कूलर खरोखरच वरच्या स्लॉटच्या आड येत असेल, तर तो माझ्या बोर्डसाठी चुकीचा निवडला गेला आहे आणि तो बदलून देणं तुमचं काम आहे.

म्हणून माझी मागणी अशी : कार्ड विनामूल्य वरच्या स्लॉटमध्ये बसवून द्यावं, माझ्यासमोर लोड देऊन लिंक तपासावी, तो आकडा जॉब शीटवर लिहावा आणि तपासणीचे घेतलेले पैसे परत करावेत. पंधरा दिवसांत हे झालं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल मी ग्राहक आयोगाकडे तक्रार करेन.

सोबत : दोन्ही वेळचे स्क्रीनशॉट, जॉब शीट आणि पावतीची प्रत.

आपला,
एक ग्राहक