पेटीच्या जाहिरातीबद्दल

देवगड

प्रिय दिगू,

तुझा मसुदा वाचला. ‘जुनी पेटी, गोड आवाज, स्केल काळी दोन, कंडिशन एकदम मस्त.’ यातलं एकही वाक्य घेणाऱ्याच्या कामाचं नाही. मालवणातली पेटी पुण्याचा माणूस हात न लावता घेणार, मग त्याला फोनवर पडताळून पाहता येईल असंच लिहायला हवं.

आधी ते ‘काळी दोन’ काढ. तबल्याला किंवा बासरीला स्वतःची पट्टी असते, तिथे ती लिहिलीच पाहिजे. पेटीत बाराही स्वर आहेत आणि तुझी पेटी स्केल चेंजरची नाही, त्यामुळे काळी दोन म्हणजे तू ज्या पट्टीत गातोस ती, एवढाच अर्थ. त्याऐवजी ‘साडेतीन सप्तकं, ४२ पट्ट्या, पांढरी एक ते पांढरी चार, खर्ज-नर दोन लायनी, कपलर आहे’ असं लिही. भजनीबुवाला खरा प्रश्न वेगळाच असतो: ही पेटी कीबोर्डशी जुळेल का? जुन्या पेट्या सगळ्याच कीबोर्डसारख्या ४४० हर्ट्झच्या पायावर लावलेल्या नसतात. अख्खी पेटी सारखीच चढी असेल तर एकटी वाजवताना कळतही नाही, शेजारी दुसरं वाद्य आलं की कळतं.

म्हणून फोनवरचा ट्यूनर ४४० ला ठेव. एका वेळी एकच स्टॉप उघड आणि प्रत्येक पट्टी दोन-तीन सेकंद धरून किती सेंट, म्हणजे लगतच्या दोन स्वरांमधल्या अंतराचे किती शंभरावे भाग, चढी-उतरी ते वहीत लिही. भाता एकसारखा चालव, कारण फार दाब दिला तर रीड किंचित उतरते आणि दोष नसलेल्या पट्टीला दोष लागतो. सगळ्या पट्ट्या सारख्याच सरकलेल्या निघाल्या तर पेटी वेगळ्या पायावर लावलेली आहे. एखादीच निघाली तर ती रीड बिघडली आहे, आणि आपल्या खाऱ्या हवेत पितळेच्या टोकावर हिरवट थर बसून ती उतरली असण्याचाच संभव जास्त. खरवडायला जाऊ नकोस. टोकाशी घासलं की स्वर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो, आणि गेलेलं पितळ परत येत नाही.

मधल्या सप्तकातली काळी दोन नर लायनीवर १२ सेंट उतरली आहे असं तू फोनवर म्हणालास. ते लपवू नकोस, पण नुसतं ‘थोडी बेसूर’ही लिहू नकोस. तो स्वर ३११ हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे १२ सेंटला फरक दोनेक हर्ट्झचा. खर्ज सुरात असेल तर दोन्ही लायनी उघडून ती पट्टी धरल्यावर सेकंदाला दोनेक हेलकावे ऐकू येतील. हेच शब्द घाल. वाजवणाऱ्याला ते वाचूनच ऐकू येतं.

भात्याचीही अशीच परीक्षा घे. सगळे स्टॉप बंद करून भाता पूर्ण भर, हात सोड आणि रिकामा व्हायला किती सेकंद लागतात ते मोज. मग एकही पट्टी न दाबता स्टॉप उघडून पुन्हा मोज. पहिल्यांदाच हवा भराभर गेली तर गळती भात्याच्या चामड्यात किंवा सांध्यात आहे. बंद स्टॉपांनी टिकली आणि उघडल्यावर गेली, तर पट्ट्यांखालच्या झडपा नीट बसत नाहीत. दोन्ही आकडे लिही. सोबत तपासणीचा महिनाही लिही, कारण पावसात लाकूड फुगून पट्ट्या अडकतात आणि त्याच उन्हाळ्यात मोकळ्या होतात.

आवाजाबद्दल ‘गोड’ काढून टाक. माझ्या मते असं चालेल, आकडे मात्र वहीतले घाल:

‘खर्ज भरदार, खालच्या सप्तकात रीड बोलायला किंचित उशीर. नर उजळ, झाकण उघडं असताना वरच्या सप्तकात थोडी तीक्ष्ण. मधली काळी दोन नर लायनीवर १२ सेंट उतरलेली, बाकी सगळ्या ५ सेंटच्या आत, ४४० वर. खरखर नाही. कपलर सर्व पट्ट्यांवर चालतो. सोबत लाकडी खोकं आणि कापडी कव्हर. सुट्या रीड नाहीत.’

ही शेवटची ओळ ठेवच. खोक्याचा फोटो पाहून लोक आत सगळं असेल असं धरतात.

रेकॉर्डिंग कर तेव्हा फोन हातभर लांब ठेव, आधी खर्ज एकटा, मग नर, मग दोन्ही, खालून वर एकेक पट्टी. गाणं नंतर, कारण चांगल्या हाताखाली वाईट रीड लपते. पाठवताना भाता मिटून कडी लाव आणि पट्ट्यांवर घडी घातलेलं कापड ठेवून झाकण लाव, म्हणजे घाटात त्या उडणार नाहीत.

वहीतले आकडे आले की पाठव.

तुझा,
सुहास