गाडी विकल्यावर उरलेल्या प्रीमियमचा हिशोब

प्रिय सोहम,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कंपनीचं उत्तर तू पाठवलंस ते वाचलं. गाडी विकून पॉलिसी रद्द केल्यावर त्यांनी कळवलेला 5,664 रुपयांचा परतावा तुला कमी वाटतो, आणि तो कमीच आहे. पण फोनवर भांडून हे सुटणार नाही. विम्याच्या ऑफिसात कोणाला राग आलाय याने हिशोब बदलत नाही, कोणत्या नियमाने आकारणी केली हे विचारल्यावर बदलतो. मी इतकी वर्षं अंडररायटिंगच्या टेबलावर बसले, तेव्हा समोरचा मुद्द्याचं पत्र घेऊन आला की आम्हीही फाईल पुन्हा उघडायचो.

तुझी पॉलिसी 1 एप्रिल 2025 ते 31 मार्च 2026. ओन डॅमेजचे, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याचे, 8,584 आणि थर्ड पार्टीचे, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्यांच्या होणाऱ्या नुकसानीच्या विम्याचे, 3,416 मिळून 12,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 2,160. एकूण 14,160 तू भरलेस. पॉलिसी रद्द होते 25 ऑगस्टपासून, म्हणजे 24 ऑगस्टपर्यंत 146 दिवस वापरले. 365 पैकी 146 म्हणजे बरोबर 40 टक्के. उरले 60 टक्के, म्हणजे 7,200 आणि त्यावरचा कर 1,296. दिवसांच्या प्रमाणात, म्हणजे प्रो-राटा, तुला 8,496 रुपये परत यायला हवेत.

मग 5,664 कुठून आले? जुन्या मोटर टॅरिफमध्ये, म्हणजे गाड्यांच्या विम्याच्या दरपत्रकात, शॉर्ट पिरियडचं, म्हणजे वर्षाहून कमी काळाचं, एक कोष्टक होतं. एक महिन्यापर्यंत पॉलिसी वापरली तर कंपनीने वर्षाच्या प्रीमियमचे 20 टक्के ठेवायचे, दोन महिन्यांपर्यंत 30, तीनपर्यंत 40, असं करत आठ महिन्यांपर्यंत 90. आठ महिने उलटले की काहीच परत नाही. त्यात अर्धवट महिना पूर्ण धरतात. तू चार महिने पूर्ण करून पाचव्यात शिरलास, म्हणून कंपनीने 60 टक्के ठेवले आणि 40 टक्के, म्हणजे 4,800, परत केले. त्यावर कर 864. बेरीज 5,664. आकडा तंतोतंत जुळतो, म्हणजे त्यांनी जुनंच कोष्टक लावलंय.

हे कोष्टक कंपनीच्या बाजूने झुकलेलं होतं, हे मला नोकरीत असतानाही दिसायचं. त्यामागे तर्क होता: वर्षभराचा दर थोड्या महिन्यांसाठी मिळू नये, आणि पॉलिसी तयार करण्याचा खर्च पहिल्याच दिवशी झालेला असतो. पण ग्राहकाला ते दंडासारखं वाटायचं, आणि गाडी विकणाऱ्याला दंड कशाचा?

जून 2024 मध्ये विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, जनरल इन्शुरन्स व्यवसायासाठी मास्टर सर्क्युलर काढलं. त्यानुसार पॉलिसीधारक कारण न देता पॉलिसी रद्द करू शकतो. पॉलिसी एक वर्षापर्यंतची असेल आणि त्या काळात क्लेम झाला नसेल, तर न वापरलेल्या काळाचा प्रीमियम त्याच प्रमाणात परत द्यायचा. तुझी पॉलिसी त्यानंतर निघालेली आहे आणि तुझा एकही क्लेम नाही. ही अट मात्र हलकी समजू नकोस. काचेचा छोटासा क्लेम घेतलेला असता, तरी तुझ्या हातातलं हे कलम निसटलं असतं.

आता तू फोनवर विचारलेलं दुसरं. गाडी तर 2 ऑगस्टला खरेदीदाराच्या ताब्यात दिली, मग रद्द करण्याची तारीख 2 ऑगस्ट का नाही? 23 दिवसांचे कराआधीचे साधारण 756 रुपये तुला दिसतात. ते मागू नकोस, कारण त्या 23 दिवसांत ती पॉलिसी तुझ्याच पाठीशी उभी होती. चावी दिली म्हणून कागदावरचा मालक बदलत नाही. आरसीवर नवं नाव चढलं 20 ऑगस्टला. तोपर्यंत रस्त्यावर काही झालं असतं तर नुकसानभरपाईचा दावा नोंदणीकृत मालक म्हणून तुझ्यावर आला असता. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये हेच सांगितलं: गाडी विकलेली असली तरी नोंदणी ज्याच्या नावावर, जबाबदारी त्याची.

म्हणूनच तुझ्यासारख्या पॅकेज पॉलिसीच्या, म्हणजे ओन डॅमेज आणि थर्ड पार्टी एकत्र असलेल्या पॉलिसीच्या, छापील अटींमध्ये, रद्द करण्याच्या कलमाच्या शेवटी, एक वाक्य असतं. गाडीची मालकी बदलली असेल, तर ती दुसरीकडे विमाकृत आहे याचा पुरावा दिल्याशिवाय पॉलिसी रद्द होणार नाही. लोक हे वाचत नाहीत आणि फक्त विक्रीची पावती जोडतात. मग अर्ज महिनाभर पडून राहतो आणि कंपनी लबाडी करतेय असं त्यांना वाटतं. वास्तविक कंपनी बरोबर असते: विम्याशिवाय गाडी रस्त्यावर सोडायची नाही, हा कायद्याचा हेतू आहे. तुझं सुदैव की खरेदीदाराने स्वतःच्या नावाने नवी पॉलिसी 25 ऑगस्टपासून घेतली आणि तिची प्रत तुला दिली. तू ईमेलही त्याच दिवशी केलास, त्यामुळे तारखेवर वाद उरत नाही.

कोणी तुला सांगेल की मोटर वाहन कायद्याच्या कलम 157 प्रमाणे पॉलिसी गाडीबरोबर खरेदीदाराकडे जाते, मग तू परतावा कसा मागतोस? अर्धं खरं आहे. विक्रीच्या तारखेपासून थर्ड पार्टीचं संरक्षण आपोआप नव्या मालकाकडे गेलं असं धरतात. ओन डॅमेजचं तसं होत नाही, त्यासाठी त्याला 14 दिवसांत कंपनीकडे अर्ज करावा लागतो. तुझ्या खरेदीदाराने तो मार्ग घेतलाच नाही, वेगळी पॉलिसी घेतली. त्याने तुझीच पॉलिसी नावावर करून घेतली असती, तर परतावा तुला मागता आला नसता. तो हिशोब गाडीच्या किमतीतच करून घ्यावा लागला असता.

पत्र लांबवू नकोस. मी असं लिहिलं असतं:

«विषय: पॉलिसी रद्द केल्यावरचा प्रीमियम परतावा, फेरआकारणीबाबत. माझी वरील पॉलिसी वाहन विक्रीमुळे 25 ऑगस्ट 2025 पासून रद्द करण्याची विनंती मी त्याच दिवशी ईमेलने केली होती. आपण 5,664 रुपये परतावा कळवला आहे. ही आकारणी शॉर्ट पिरियड दराने झालेली दिसते. पॉलिसी एक वर्षाची असून या काळात एकही क्लेम केलेला नाही. आयआरडीएआयच्या जून 2024 च्या मास्टर सर्क्युलरनुसार उरलेल्या 219 दिवसांचा प्रीमियम त्याच प्रमाणात देय आहे. ओन डॅमेज व थर्ड पार्टी मिळून 7,200 रुपये आणि त्यावरील जीएसटी 1,296, एकूण 8,496 रुपये होतात. आपली आकारणी वेगळी असल्यास, कोणत्या नियमाने केली ते दिवस व रकमांसह लेखी कळवावे. सोबत: नव्या मालकाच्या नावाची आरसी, त्यांच्या पॉलिसीची प्रत, फॉर्म 29 ची प्रत, माझी पॉलिसी व रद्द केलेला चेक.»

शेवटून दुसरं वाक्य काढू नकोस. रक्कम मागणं सोपं असतं, पण नियम लेखी मागितला की टेबलावरच्या माणसाला वरच्याला विचारावं लागतं, आणि वरच्याला ते सर्क्युलर माहीत असतं.

सुधारलेला आकडा आला की तो 8,496 आहे का ते पाहा. 7,200 आला, तर प्रो-राटा मान्य झालं पण कर राहून गेला. कर प्रीमियमच्याच प्रमाणात परत यायला हवा, त्यासाठी कंपनी क्रेडिट नोट काढते. 6,077 च्या आसपास आला, तर त्यांनी फक्त ओन डॅमेजचा परतावा दिला आणि थर्ड पार्टीचा पूर्ण ठेवला. हे बरेचदा होतं, कारण थर्ड पार्टी एकट्याने सोडता येत नाही हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. दुसऱ्या विम्याचा पुरावा फाईलमध्ये असताना मात्र तो रोखून धरायला कारण नाही, तेव्हा पुराव्याच्या पानाकडे बोट दाखव.

उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर कंपनीच्याच तक्रार अधिकाऱ्याकडे जा. त्यांना दोन आठवड्यांत उत्तर द्यावं लागतं. तेही फसलं तर आयआरडीएआयचं बीमा भरोसा पोर्टल आणि त्यापुढे विमा लोकपाल. लोकपालाकडे फी नाही, वकील लागत नाही, कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत जायचं असतं. अडीच-तीन हजारांसाठी तिथवर जायची वेळ येईल असं मला वाटत नाही, पण मार्ग माहीत असलेला बरा.

आणि या सगळ्या गडबडीत तू एक गोष्ट मागितलेलीच नाहीस. नो क्लेम बोनसचं पत्र. हा बोनस म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल ओन डॅमेजच्या प्रीमियमवर मिळणारी सूट, आणि या पॉलिसीवर तुला ती 35 टक्के होती. तो गाडीचा नसतो, तुझा असतो. ती विकल्यावर कंपनीकडून लेखी राखून ठेवता येतो आणि तीन वर्षांच्या आत त्याच प्रकारची दुसरी गाडी घेतली तर तिथे लावता येतो. नव्या गाडीचं ओन डॅमेज समजा 20,000 असेल, तर 35 टक्क्यांनी 7,000 वाचले. म्हणजे ज्या फरकासाठी तू चिडला आहेस, त्याच्या दुपटीहून जास्त. फक्त 45 ची आशा धरू नकोस. पुढची पायरी पूर्ण बारा महिने क्लेमशिवाय गेल्यावरच मिळते आणि तुझं वर्ष मध्येच तुटलं. त्याच पत्राच्या शेवटी आणखी एक ओळ लिही: «माझ्या नावावरील 35 टक्के नो क्लेम बोनस राखून ठेवल्याचं पत्रही द्यावे.» ईमेल कर, आणि एक प्रत शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घे.

तुझी,
आई