अण्णा, ‘सर्वधर्मान्’ उलगडून दिल्याबद्दल

सोलापूर

आदरणीय अण्णा, सा. नमस्कार.

आमच्या भाच्याने यंत्रमागाचं काम आणि आजारी आई, दोन्हींकडे पाठ फिरवून ‘सर्वधर्मान् परित्यज्य’, म्हणजे सगळे धर्म सोडून मला एकट्याला शरण ये, असं म्हणायला सुरुवात केली होती. गीताच सांगते म्हटल्यावर घरात कोण काय बोलणार? त्या रविवारी तुम्ही वाचनाला आलात, त्याला जवळ बसवून घेतलंत आणि एका शब्दानेही रागावला नाहीत. त्याबद्दल हे चारचौघांत आभार.

तुम्ही त्याला अठराव्याचा सहासष्टावा श्लोक पुरा म्हणायला लावलात. दुसऱ्या ओळीत ‘सर्वपापेभ्यो’ आलं तसं थांबवलंत. “पापाची भीती कुणाला होती रे?” मग पहिला अध्याय काढलात. कुलधर्म, जातिधर्म बुडतील, पाप लागेल, हे अर्जुनच म्हणतो. धर्माचं अनेकवचन तिथे त्याच्याच तोंडी आहे, हे इतकी वर्षं वाचून आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

भाचाही कच्चा नव्हता. “शंकराचार्य तर सगळी कर्मं सोडा म्हणतात,” असं त्याने ऐकवलं. तुम्ही मान्य केलंत, आणि लगेच पुढचं सांगितलंत: आचार्य तिथे ‘धर्म’ शब्दात अधर्मही धरतात. म्हणजे कर्तव्य सोडायचं आणि आळस, हाव जवळ ठेवायची, ही सोय त्या अर्थात नाही. पोरगा गप्प झाला.

मला मात्र रामानुजाचार्यांचा दुसरा अर्थ फार आवडला. पहिला अर्थ सरळ आहे, कर्म करत राहा, फळ आणि ‘मी करतो’ हा भाव सोडा. दुसऱ्यात ‘धर्म’ म्हणजे प्रायश्चित्तं. तुम्ही चांद्रायण समजावलंत: पौर्णिमेला पंधरा घास, मग रोज एकेक कमी, अमावास्येला उपास, पुन्हा एकेक वाढवत पंधरा. महिनाभर हे एकच व्रत. जन्मोजन्मींची पापं अशी फेडत बसलं तर भक्तीला सुरुवात कधी व्हायची? म्हणून कृष्ण म्हणतो, ती राहू देत, माझ्याकडे ये, शोक करू नकोस. ‘मा शुचः’ इथे नेमकं बसतं.

टिळकांचा अर्थ तुम्ही ओझरता सांगितलात, अहिंसा, दान, यज्ञ, संन्यास असे मोक्षाचे निरनिराळे मार्ग म्हणजे ते धर्म. त्यावर आमच्यात अजून वाद चालू आहे. मला तो जरा ओढूनताणून वाटतो, पण अर्जुन शेवटी ‘करिष्ये वचनं तव’, तू सांगतोस ते करीन, म्हणून लढायलाच उठतो, हे टिळकांच्या बाजूने जातं, हे कबूल.

आता एक राहिलंय. शरण जाणं हाही आपण करायचा एक उपायच, की तेवढंही आपल्या हातात नाही, यावरून रामानुजांच्या अनुयायांत वडकलै आणि तेनकलै हे दोन पंथ वेगळे झाले असं तुम्ही जाता जाता म्हणालात आणि चहा आला. त्यासाठी पुन्हा या. भाचा तुम्हाला घ्यायला येतो म्हणालाय, दुपारची पाळी संपल्यावर.

आपली नम्र,
वाचन मंडळातली एक