चेकची मुदत: तीन महिने मोजायचे कसे?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या दांडियाबाजारातल्या एका आजींचा भाड्याचा चेक नुकताच परत आला. मेमोवर ‘चेक जुना’ असा शेरा होता. चेकवर तारीख होती 29 नोव्हेंबर 2025, आणि आजींनी तो शुक्रवारी, 27 फेब्रुवारीला, आपल्या बँकेच्या पेटीत टाकला होता. तीन महिने पुरे व्हायला अजून अवकाश आहे, असा त्यांचा समज होता. मी आयुष्यभर बँकेत क्लिअरिंगचे काम केले. अशी तक्रार घेऊन लोक अजूनही माझ्याकडे येतात, म्हणून हे पत्र.

पूर्वी चेक सहा महिने चालत असे. काही लोक चेक महिनोन्महिने नोटेसारखे या हातातून त्या हातात फिरवत, हे पाहून रिझर्व्ह बँकेने 1 एप्रिल 2012 पासून ही मुदत तीन महिन्यांवर आणली. ड्राफ्ट आणि पे ऑर्डरलाही हाच नियम लागू आहे. पुष्कळांच्या डोक्यात मात्र अजून सहा महिनेच बसलेले असतात.

हे तीन महिने म्हणजे नव्वद दिवस नव्हेत. महिने कॅलेंडरचेच मोजायचे. 1 जुलैच्या चेकला 1 ऑक्टोबरपर्यंत ब्याण्णव दिवस मिळतात, तर आजींच्या चेकला एक्याण्णवच मिळाले, कारण फेब्रुवारीत 29 तारीखच नव्हती. अशा वेळी महिन्याचा शेवटचा दिवस, म्हणजे 28 फेब्रुवारी, धरतात. चेकवरची तारीख गणतीत घ्यायची की सोडायची, यावर एका दिवसाचा फरक पडतो. गुजरातमधल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ती तारीख वगळून मोजणी केली. तेव्हाचा प्रश्न सहा महिन्यांचा होता. 31 डिसेंबरचा चेक 30 जूनला मुदतीत धरला गेला. तरी काही काउंटरवर एक दिवस आधीच चेक जुना ठरवतात. त्या एका दिवसासाठी भांडण्यात अर्थ नाही. तो दिवस आपला नाहीच असे समजून चालावे.

आजींचे नुकसान मात्र या मोजणीमुळे झाले नाही. चेक आपल्या बँकेत कधी टाकला याला महत्त्व नसते. तो ज्या बँकेवर काढला आहे तिच्यासमोर मुदतीत पोहोचावा लागतो. पेटीतला चेक कर्मचारी काढतो, स्कॅन करतो आणि त्याची प्रतिमा क्लिअरिंगमधून त्या बँकेकडे जाते. आजींचा चेक पेटीत पडला संध्याकाळी, त्या दिवसाचे क्लिअरिंग संपल्यावर. दुसऱ्या दिवशी, 28 तारखेला, चौथा शनिवार म्हणून बँक बंद. मग रविवार. चेक पुढे गेला सोमवारी, 2 मार्चला, आणि तोवर मुदत उलटली होती. शुक्रवारी सकाळी काउंटरवर दिला असता तर पैसे जमा झाले असते.

पुढच्या तारखेच्या चेकचे याच्या उलट होते. आजींना भाडेकरू वर्षाचे बारा चेक एकदम देतो. ते सगळे एकदम भरले तर पुढच्या तारखांचे सगळे परत येतात. चेक म्हणजे खातेदाराने बँकेला दिलेला हुकूम, आणि तो त्यावरच्या तारखेपासूनच लागू होतो. त्याआधी बँकेने पैसे दिले आणि त्यामुळे खातेदाराचा दुसरा चेक परत गेला, तर जबाबदारी बँकेवर येते. अशा चेकचे तीन महिनेही त्यावरच्या तारखेपासून मोजायचे. तो हातात कधी पडला याला महत्त्व नाही. जानेवारीत सवयीने मागचे साल लिहिलेला चेकही जुना ठरून परत येतो. चेक घेताना साल वाचावेच.

चेक जुना झाला म्हणून येणे बुडत नाही. देणाऱ्याकडून नवा चेक घ्यावा, किंवा त्याने त्याच चेकवर नवी तारीख घालून पूर्ण सही करावी. तारखेपुरती अशी दुरुस्ती चालते, पण ती चेक देणाऱ्यानेच करायची. आपण हात लावला तर चेक रद्द ठरू शकतो. आणि कलम 138 खालचा चेक न वटल्याचा खटला मात्र जुन्या चेकवर उभा राहत नाही. मुदत संपायला आठवडा उरला की चेक भरून टाकावा, यामागचे हेही एक मोठे कारण आहे.

बँकांना माझी कळकळीची विनंती आहे. प्रत्येक चेकपेटीवर ‘अमुक वाजेपर्यंतचे चेक आजच्या क्लिअरिंगला जातील, नंतरचे पुढच्या कामाच्या दिवशी’ असे मोठ्या अक्षरात, गुजराती आणि मराठीतही लिहा. आजींसारखी पुष्कळ माणसे पेटीच्या भरवशावर चेक टाकून घरी जातात.

आपला नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी
दांडियाबाजार, वडोदरा